महागाईत कर्ज हलकं होतं म्हणतात, ते कुणाचं?

मधुरा_घणसोली

नमस्कार मंडळी. सहा वर्षं घणसोलीत भाड्याने राहतोय. भाडं आता २४,००० आहे आणि दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना मालक वाढवूनच मागतात. दूध, किराणा, लेकीच्या शाळेची फी, सगळंच चढत चाललंय. जवळच एक जुना वन बीएचके बघितलाय. आमची जमवाजमव धरून ४० लाखांचं कर्ज लागेल.

माझे दीर म्हणतात, "वहिनी, महागाईच्या दिवसांत कर्ज घेणाराच जिंकतो. आज घेतलेले रुपये भारी असतात, फेडायचे ते हलके असतात. डोळे मिटून घ्या." माझ्या सासऱ्यांचं नेमकं उलट. भाव चढत असताना अंगावर कर्ज घ्यायचं म्हणजे दोन्हीकडून मार, असं ते म्हणतात. दोघांचंही ऐकताना पटतं, म्हणून इथे विचारतेय.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एका ठिकाणी ८.५ टक्के, फ्लोटिंग. दुसऱ्या ठिकाणी १०.२५ टक्के, फिक्स्ड, २० वर्षं. घरात दोघांचे मिळून हातात १,०५,००० येतात. भाडं सोडून बाकी खर्च साधारण ५५,०००. महागाई वाढणारच असेल तर फिक्स्ड घ्यावं का? आणि मुळात आत्ता कर्ज काढावं का?

समीर_खारघर

दीर शंभर टक्के बरोबर आहेत. फिक्स्ड घ्या आणि जेवढं मिळेल तेवढं घ्या. साधा हिशोब करा. १०.२५ टक्क्यांनी ४० लाखांचा हप्ता ३९,२६६ येतो. महागाई वर्षाला ८ टक्के धरली तर दहा वर्षांनी त्याच हप्त्याची किंमत आजच्या १८,००० इतकी होईल आणि शेवटच्या वर्षी साडेआठ हजारांहून कमी. भाडं मात्र वाढतच जाणार.

जर्मनीत १९२३ साली हेच झालं. मार्कची किंमत इतकी घसरली की घरावरची कर्जं लोकांनी किरकोळ रकमेत फेडून टाकली. ज्यांनी पैसे साठवले ते बुडाले, ज्यांनी कर्ज काढलं ते तरले.

सदानंद_नेरुळ

मधुरा, तुझ्या दिरांचं म्हणणं मी स्वतः जगलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९४ साली नेरुळला सिडकोचं घर घेतलं. २ लाख कर्ज, १४ टक्के फिक्स्ड, १५ वर्षं. हप्ता २,६६३ रुपये. मी राज्य सरकारी नोकरीत होतो, हातात ५,८०० यायचे. म्हणजे जवळजवळ निम्मा पगार हप्त्यात. पहिली तीन-चार वर्षं कशी काढली ते आमचं आम्हाला ठाऊक. हिने दोन दिवाळ्या नवी साडी घेतली नाही. गावी जाणं वर्षाआड केलं.

पण महागाई भत्ता वाढत राहिला, मग पाचवा वेतन आयोग लागला. २००३ पर्यंत हातात १७,००० यायला लागले आणि हप्ता तेवढाच, २,६६३. त्याचं ओझं खरोखर उरलं नव्हतं. माझ्या मते महागाईत कर्ज हलकं होतं हे खरं आहे. फक्त सुरुवात सोसायची तयारी हवी.

निखिल_मानपाडा

काकांचा अनुभव खराच असणार, पण माझा त्याच्या बरोबर उलट आहे, तोही ऐकून ठेवा.

२०२१च्या मध्यावर मानपाड्याला फ्लॅट घेतला. ४० लाख, ६.७५ टक्के फ्लोटिंग, २० वर्षं, हप्ता ३०,४१५. तेव्हा सगळे म्हणत होते, इतकं स्वस्त कर्ज पुन्हा मिळायचं नाही. वर्षभरात महागाई भडकली. एप्रिल २०२२मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ४ वरून ६.५ वर गेला. माझा दर सव्वानऊ झाला.

बँकेने आधी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्यामुळे मला काही जाणवलंच नाही. मग एक दिवस ॲपवर खातेउतारा उघडला. ३०,४१५ मधले २९,७००च्या वर व्याजात आणि मुद्दलात सातशेही नाहीत. मी दोनदा तपासलं, मला वाटलं काहीतरी चुकतंय. शाखेत गेलो तर त्यांनी सांगितलं, या हप्त्याने कर्ज फिटायला चाळीस वर्षं लागतील, तेवढी मुदत देता येत नाही, हप्ता वाढवा. मूळ मुदतीत संपवायचं तर साडेछत्तीस हजार भरा.

म्हणजे महागाईने माझं कर्ज हलकं केलंच नाही. किराणाही महागला आणि हप्ताही. त्या वर्षी पगारवाढ होती ५ टक्के.

किशोरी_कोपरी

मीही हेच विचारणार होते. सोन्याचा भाव एवढा चढलाय, तर दागिने तारण ठेवून कर्ज काढून त्यातून आणखी सोनं घ्यावं का? माझी नणंद म्हणते भाव वाढत जाणार, कर्ज आपोआप फिटेल.

रेवती_नौपाडा

किशोरीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. मधुराला राहायला घर हवंय, तुम्ही एका वस्तूच्या भावावर पैसे लावताय. सोन्याचा भाव उतरला तर तारण कमी पडतं आणि फरक भरायला सांगतात, नाहीतर दागिने लिलावात जातात. कृपा करून करू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

आता मधुराकडे वळते. मी एका बँकेच्या कर्ज विभागात एकोणीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

सदानंदकाका आणि निखिल, दोघांचे अनुभव एकमेकांना खोडत नाहीत. काकांचा दर बांधलेला होता आणि पगार महागाईला बांधलेला होता. दोन्ही असल्यामुळे त्यांचं कर्ज हलकं झालं. निखिलचं दोन्हीत उलट होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो वाढवते आणि तो बोजा काही महिन्यांत तुमच्या हप्त्यात किंवा मुदतीत येऊन बसतो. महागाईचा जो फायदा कर्जदाराला व्हायचा, तो फ्लोटिंगमध्ये सावकार परत घेऊन जातो.

समीर, तुमचं गणित चुकीचं नाही, पण अर्धं आहे. १०.२५ टक्के दर ठरवणारा माणूस महागाईचा अंदाज त्यात घालूनच बसलेला असतो. महागाई ५ टक्के राहिली तर ती वजा करून मधुराला खरं व्याज ५ टक्के पडेल. ८ टक्के झाली तर २ टक्क्यांच्या थोडं वर. २ टक्क्यांवर आली तर ८. म्हणजे "महागाई आहे" एवढ्याने कर्जदार जिंकत नाही. दर ठरवताना जेवढी धरली होती त्यापेक्षा जास्त झाली, तरच जिंकतो. पेपरात महागाईच्या बातम्या रोज यायला लागल्यावर काढलेल्या कर्जात ती आधीच मोजलेली असते.

आणि जर्मनीचं म्हणाल तर १९२५ साली तिथल्या सरकारने कायदा करून त्या बुडालेल्या गहाणखतांची किंमत मूळ सोन्याच्या हिशोबाने २५ टक्क्यांपर्यंत पुन्हा उभी केली. फुकटात सुटलो म्हणणाऱ्यांनाही पुढे भरावं लागलं.

समीर_खारघर

१९२५च्या कायद्याचं मला माहीत नव्हतं. पण २५ टक्के म्हणजे तरीही पाऊण कर्ज माफच झालं ना? मुद्दा तोच राहतो.

रेवती_नौपाडा

ते मान्य. पण तो प्रसंग कुणाच्याच अंदाजात नव्हता. मधुराने तसं काही होईल असं धरून घर घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

सदानंद_नेरुळ

रेवतीताई, तुम्ही लिहिल्यावर मला माझ्याच गोष्टीचा उरलेला भाग आठवला, मघाशी लिहायचा राहिला.

मी कर्ज घेतलं तेव्हा महागाई दहाच्या आसपास होती, म्हणून १४ टक्के टोचले नाहीत. २००३ला महागाई चारच्या आसपास आली आणि नवी कर्जं ८ टक्क्यांनी मिळायला लागली. मी अजून १४ वरच. शेजारच्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं. १ लाख २९ हजार बाकी होते. दोन टक्के दंड, म्हणजे अडीच हजारांच्या वर, भरून कर्ज दुसरीकडे नेलं. हप्ता २,२६६ झाला आणि सहा-सात महिन्यांत दंड वसूल झाला. वर्षभर आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा हप्ता हलका वाटत होता तो पगारामुळे. कर्ज स्वतः महाग झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

रेवती_नौपाडा

काका, नेमकं हेच मला सांगायचं होतं आणि तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत. महागाई उतरली की फिक्स्ड कर्ज जड होतं, आणि ते हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही.

आता सुरुवातीच्या वर्षांबद्दल. काकांनी साड्यांचं लिहिलं ते मनाला लागलं, कारण त्यामागे एक कारण आहे जे आम्ही कर्ज देताना कुणाला समजावून सांगायचो नाही. ४० लाखांवर महागाई ५ टक्के असेल तर त्या रकमेची खरी किंमत पहिल्या वर्षी महिन्याला साधारण साडेसोळा हजारांनी आपोआप झिजते. सावकाराला ती झीज सोसायची नसते, म्हणून तो ती व्याजात लावून लगेच, दर महिन्याला वसूल करतो. तुम्हाला ते व्याज दिसतं, खरं तर त्यातला मोठा भाग ही मुद्दलाचीच परतफेड असते. त्यामुळे महागाई जितकी जास्त तितके दर जास्त, आणि तितकं ओझं सुरुवातीच्या वर्षांत जास्त गोळा होतं. पुढची वर्षं हलकी असतात हे खरं, पण तिथपर्यंत पोचावं लागतं. मी पाहिलेली बरीचशी थकलेली खाती पहिल्या चार-पाच वर्षांतली होती.

मधुरा, तुझ्याच आकड्यांनी बघू. आज १,०५,००० मधून ५५,००० घरखर्च आणि ३९,२६६ हप्ता गेला की १०,७०० उरतात. महागाई ६ टक्के धर. पाच वर्षांनी घरखर्च ७३,६०० होईल, हप्ता तोच. तुमचे पगारही वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर हातात १,४०,५०० येतील आणि २७,६०० उरतील. दीर म्हणतात तसंच. पण पगार २ टक्क्यांनीच वाढले तर १,१५,९०० येतील आणि उरतील ३,०००. हप्ता एका रुपयानेही वाढलेला नाही, तरी श्वास घ्यायला जागा नाही. सासरे म्हणतात तसं.

हप्ता जागेवर राहिला म्हणून काही होत नाही. पगार वाढला तरच तो हलका होतो.

बाळू_तुर्भे

माझा धंदा आहे, पगार नाही, तरी लिहितो. तुर्भेच्या मार्केटमधून ठाणे-भिवंडी माल पोचवतो. टेम्पोवर ८ लाखांचं कर्ज आहे, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता १७,४०० आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. म्हणजे रेवतीताई म्हणतात तसं खरं फिक्स्ड माझंच आहे.

भाव वाढले तसं भाडंही वाढवलं. एका फेरीला १,८०० मिळायचे, आता २,१०० घेतो. लोक म्हणतात तुझं बरं आहे. पण डिझेल फेरीला ७०० लागायचं ते ९५० लागतं. हातात आधी ११०० राहायचे, आता ११५०. त्यातून टायर, हमाल, घर. भाडं वाढलं ३००, मला मिळाले ५०. धंदेवाल्याने भाड्याकडे बघून कर्ज काढू नये, हातात काय राहतं ते बघावं.

निखिल_मानपाडा

बाळूदादा, हा हिशोब मी माझ्या दुकानदार मेव्हण्याला दाखवणार आहे.

मधुरा_घणसोली

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवतीताई, ते ३,००० वाचून रात्री झोप नाही आली. पण मग फिक्स्ड की फ्लोटिंग? निखिलचं वाचल्यावर फ्लोटिंगची भीती वाटते.

रेवती_नौपाडा

८.५ टक्क्यांनी हप्ता ३४,७१३. म्हणजे फिक्स्डसाठी तू महिन्याला साडेचार हजारांच्या थोडे वर जास्त देणार. दर वाढले तर झळ लागू नये म्हणून भरलेला तो विम्याचा हप्ता आहे असं समज. तो महाग आहे की स्वस्त, हे दर किती वाढतात यापेक्षा कधी वाढतात यावर जास्त ठरतं.

समज, फ्लोटिंग घेतलंस पण हप्ता ३९,२६६च भरत राहिलीस, वरचे पैसे मुद्दलात. तीन वर्षं दर हलला नाही तर फिक्स्डच्या तुलनेत तुझं २ लाख ३३ हजार कमी देणं उरेल. त्यानंतर उरलेली सतरा वर्षं दर सरासरी ११.३ टक्क्यांच्या वर राहिला, तरच फिक्स्ड न घेतल्याचा तोटा. पण निखिलसारखं पहिल्या वर्षानंतरच दर उडाले तर ही सीमा साडेदहावर येते, आणि तिथे पोचणं फार अवघड नाही. दरवाढ उशिरा आली तर तोपर्यंत मुद्दल कमी झालेलं असतं, म्हणून ती कमी चावते.

हा हिशोब साडेचार हजार खरंच मुद्दलात गेले तरच लागू. ते खर्चात जिरले तर फ्लोटिंगची निम्मी ताकद गेली. फ्लोटिंग गृहकर्जात व्यक्तीला आगाऊ भरल्याचा दंड लागत नाही, फिक्स्डमध्ये लागू शकतो, तेही विचारून घे.

आणि सही करण्याआधी एक काम कर. त्यांच्याकडून की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी एकत्र लिहिलेला कागद, माग. ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं. त्यात फिक्स्ड किती वर्षांसाठी आहे ते वाच. आपल्याकडे फिक्स्ड म्हणून विकलेली बरीच गृहकर्जं दोन-तीन वर्षांनी फ्लोटिंग होतात, किंवा ठरावीक काळाने दर नव्याने ठरवायचा हक्क कर्ज देणारा राखून ठेवतो.

हेमांगी_कासारवडवली

एक राहून गेलं. सगळे धरून चाललेत की घराची किंमत महागाईबरोबर वाढणारच. मी २०१४ला कासारवडवलीला घेतलं, २०२०ला विकलं, जवळजवळ त्याच भावात. सहा वर्षांत बाकी सगळं महागलं, माझं घर नाही. पूर्ण व्याज मी खिशातून भरलं. राहायला घर हवं म्हणून घ्या, पण "महागाईत जागा वाढते" म्हणून घेऊ नका.

समीर_खारघर

ते पडते दिवस होते, हेमांगीताई. खारघरला विमानतळाचं काम सुरू झाल्यावर भाव कुठल्या कुठे गेले. वीस वर्षांचा काळ धरला तर मी अजूनही म्हणेन, घ्या.

हेमांगी_कासारवडवली

वीस वर्षं थांबता आलं असतं तर मीही थांबले असते. यांची नोकरी गेली म्हणून विकावं लागलं.

मधुरा_घणसोली

आज दुपारी जाऊन कागद मागितले. रेवतीताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. तिसऱ्या वर्षानंतर "प्रचलित दरानुसार पुनर्निर्धारण" असं लिहिलंय. तिथल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, सहसा बदलत नाहीत." मी म्हटलं, मग लिहून द्या. नाही देणार म्हणाली. म्हणजे मी १०.२५ देऊन फक्त तीन वर्षांची हमी घेत होते, आणि भीती तर पुढच्या काळाचीच होती. तो पर्याय आम्ही सोडला.

फ्लोटिंगच घेतलं तर ४० ऐवजी ३४ लाखांत भागतं का ते बघतोय. सासरे थोडे पैसे द्यायला तयार आहेत, तेही न मागता म्हणाले. आणि काल रात्री ह्यांच्या गेल्या चार वर्षांच्या पगारवाढी काढून बघितल्या. ४, ९, ०, ६. माझ्या शाळेत वाढ तीन वर्षांतून एकदा.

रेवती_नौपाडा

सरासरी काढू नकोस. तो ० आला त्या वर्षी घरात काय काय थांबवलंत, ते आठवून लिहून काढ. तेवढ्यात हप्ता बसत असेल तर ३४ लाख घे.